बाराची लाईट: एका खोलीतला ताण कसा लिहावा

लघुपटाचा एक प्रसंग घेऊ. परभणीकडचं शेत, आखाड्यावरची खोली, रात्रीचे ११:४०. मोटारीची वायर उंदरांनी कुरतडलीय, हणमंता ती जोडतोय. लाईट दोनला येते म्हणून त्यानं मेन स्विच पाडलेलाच नाही. तेवढ्यात मागे बाजेवरच्या फोनवर गावच्या ग्रुपचा मेसेज झळकतो: ‘आजपासून लाईट १२ ला.’ आपण वाचतो, त्याची पाठ आहे.

पहिलं काम, हा मेसेज पहिल्या अर्ध्या पानातच दाखवा. नवखे लेखक तो शेवटासाठी दडवून ठेवतात. मग मिळतो तो एक दचका, आणि आधीची चार पानं नुसती वायरजोडणी होऊन बसतात. धोका काय आणि तो किती वाजता, दोन्ही प्रेक्षकाला नेमकं कळायला हवं.

मग हणमंता फोन का बघत नाही? इथंच बरेच प्रसंग फसतात. अभ्यासासाठी पोरीनं फोन सायलेंटवर टाकलाय आणि बॅटरी खिळ्याला टांगलीय, म्हणजे उजेडासाठीही फोन लागत नाही. कारण असं घरगुती असावं. तो वेंधळा वाटला की प्रेक्षकाची काळजी संपते, चिडचिड सुरू होते.

आता घड्याळ. प्रत्येक मेसेजला स्क्रीन उजळते आणि वेळ दिसते: ११:४६, ११:५२. पात्राच्या तोंडी वेळ घालू नका. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरतात. त्या हिशेबानं पाच पानांतली पहिली दोन पानं गोष्टीतली पहिली बारा मिनिटं उरकतील, उरलेली तीन शेवटच्या आठ मिनिटांना द्या. त्यातही सर्वांत मोठा वाटा अखेरच्या दोन मिनिटांचा.

११:५२ ला शेजारचे आबा येतात.

“काय करायलास रे?”
“वायर जोडायलो, आबा.”
“लाईट कधी यायली?”
“दोनला.”

आबा बाजेवर टेकतात, तंबाखू मळत सोयाबीनच्या भावावर बोलत बसतात. फोन उजळतो. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ते तो पालथा घालतात. मला ही जागा सर्वांत आवडते, कारण आता घड्याळच गेलं. पुढचे क्षण प्रेक्षक स्वतः मोजतो, आणि गप्पा जितक्या साध्या तितकं ते मोजणं जड जातं.

सुटकेसाठी मात्र योगायोग आणू नका. अडचण वाढवणारा योगायोग चालतो, सोडवणारा नाही. म्हणून चिकटपट्टी सुरुवातीलाच बाजेवरच्या पिशवीत दाखवून ठेवा. जोड पिळून झाला की हणमंता वायर सोडून पट्टी घ्यायला उठतो. डोक्यावरचा बल्ब पेटतो. जमिनीवर ठिणगी.

लिहून झाल्यावर आबा येतात तिथपर्यंतच कुणाला तरी वाचून दाखवा आणि थांबा. त्यानं “बारा वाजले का?” विचारलं तर जमलं. “हा फोन का बघत नाही?” विचारलं तर तिसऱ्या परिच्छेदातलं कारण पुन्हा लिहा.

शेवटी हणमंताच्या तोंडी काही नको. तो बल्बकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे. आबा म्हणतात, “आज लवकर आली की.”