काजू सोलताना मान का धरते, आणि बसण्याची जागा कशी बदलावी

सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला निघालेल्या दुपारच्या एसटीत डुलकी लागलेल्या माणसाकडे बघा. त्याचं डोकं पुढे, छातीवर पडतं. डोक्याचं वजन ज्या सांध्यावर टेकलेलं असतं तो सांधा कवटीच्या बरोबर मध्याखाली नसतो, जरा मागे असतो. त्यामुळे डोक्याचा भार कायम पुढच्या बाजूला झुकतो आणि मानेच्या मागचे स्नायू त्याला मागून धरून ठेवतात. जागेपणी हे काम चालू असल्याचं आपल्याला कळतही नाही. झोप लागली की स्नायू सैल पडतात आणि डोकं खाली येतं.

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. मान सरळ असताना हा भार मानेच्या सात मणक्यांवरून खाली उतरतो आणि स्नायूंना थोडंच ओढावं लागतं. मासळी विकणाऱ्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी नेतात तेव्हा हेच दिसतं. हनुवटी पुढे काढून कुणी पाटी तोलूच शकत नाही. मणक्यांवर दाब येतो, तो येतोच; पण पाटी मानेच्या खांबावर सरळ बसलेली असल्यामुळे मागच्या स्नायूंना तिला वेगळं ओढून धरावं लागत नाही.

काजूच्या सोलाईला बसलेल्या बाईची गोष्ट उलटी असते. डोक्यावर काहीच नसतं, तरी संध्याकाळपर्यंत मान दगड झालेली असते. "बसान बसान मान धरता," असं काकी म्हणतात, पण नुसतं बसणं हे कारण नाही. बी वाफवून, टरफल फोडून, गर भट्टीत सुकवून झाले की त्यावरची तांबूस साल चाकूच्या टोकाने काढायची असते. गर तुटला तर तो तुकड्यांत जातो आणि भाव पडतो. म्हणून डोळे गराजवळ जातात आणि डोळ्यांमागून डोकंही.

हा लेख सोलाईच्या कामासाठी लिहिला आहे. जाळं दुरुस्त करणारे, शिवणकाम करणारे, वह्या तपासणारे यांनाही मापं बदलून तो वापरता येईल.

आधी एक फोटो काढा

कामाला बसून अर्धा तास झाला की घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. आधी कळलं तर माणूस आपोआप ताठ होतो, म्हणून न सांगता काढलेला बरा. मोबाइल मानेच्या उंचीवर धरावा आणि मानेइतक्याच अंतरावर एक पट्टी चौकटीत येऊ द्यावी, म्हणजे सेंटीमीटर मोजता येतात. नंतर त्याच जागी, समोर दूर बघत, आरामात सरळ बसून दुसरा फोटो काढा.

मान थोडी पुढे वाकवून मानेच्या मुळाशी बोट फिरवलं की एक हाड ठळक लागतं. तिथे कुंकवाचा किंवा पेनाचा ठिपका द्या. दोन्ही फोटोंत या ठिपक्यापासून कानाच्या भोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. तिरकं मोजू नका, नाहीतर पुढचा हिशेब चुकेल.

मग हिशेब

उदाहरणासाठी एक काकी घेऊ. सरळ बसल्यावर त्यांच्या ठिपक्यापासून कान 9 सेंटीमीटर पुढे आहे आणि सोलताना 16 सेंटीमीटर. म्हणजे डोकं 7 सेंटीमीटर पुढे गेलं.

मानेच्या मुळाशी मणका हा टेकू धरा. त्याच्या पुढे डोक्याचा भार आहे आणि मागे, ढोबळमानाने 5 सेंटीमीटरवर, ओढून धरणारे स्नायू. डोकं 5 किलोचं धरलं तर आकडेमोड तोंडी होते: भार जितके सेंटीमीटर पुढे जाईल, तितके किलो स्नायूंना जास्त ओढावं लागतं. सरळ बसताना भार टेकूच्या 3 सेंटीमीटर पुढे आहे असं मानलं, तर स्नायूंचा ओढा 3 किलोचा. सोलताना भार 10 सेंटीमीटर पुढे, म्हणून ओढा 10 किलोचा. डोकं तेच आणि स्नायूंचं काम मात्र तिपटीहून जास्त. मणक्यावर डोक्याचं वजन आणि स्नायूंचा ओढा असे दोन्ही पडतात, त्यामुळे तिथला दाब 8 किलोवरून 15 वर जातो.

हे आकडे शरीरात शिरून मोजलेले नाहीत, प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. पण दोन फोटोंतल्या फरकावर विसंबायला हरकत नाही. मोबाइलवर फिरणारे "मानेवर 27 किलो"सारखे आकडेही अशाच गणितातून आलेले आहेत. ते पाहून घाबरू नये. मान पुढे असूनही काहीच न दुखणारी माणसं भरपूर असतात. त्रास ठरतो तो ओढा किती आणि तो न हलता किती वेळ, या दोन्हींवर. चालताना स्नायू आवळतो, सुटतो आणि त्यात रक्त खेळतं. एकाच जागी आवळून धरलेल्या स्नायूत रक्त कमी फिरतं आणि तो थकतो.

एक फसवी स्थितीही सांगायला हवी. मान अगदी छातीपर्यंत टाकून बसलं की काही वेळ बरं वाटतं. तिथे मागचे स्नायू जवळजवळ सुट्टी घेतात आणि भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. ते हळूहळू ताणले जातात आणि उठताना मान कडक लागते. म्हणजे काम करताना दुखलं नाही, तर जागा बरोबर आहे असं समजू नये.

काम वर आणा

ताठ बस, ताठ बस असं दिवसभर बजावून काही होत नाही. गर खाली असेल तर डोळे खाली जाणारच. म्हणून माणसाला नव्हे, ताटाला उचलायचं.

कोपराची उंची हे यातलं खरं माप. हात बाजूला सैल सोडून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. बारीक कामासाठी ताट कोपरापेक्षा 5 ते 10 सेंटीमीटर वर असावं आणि मनगटाच्या मागचा हात टेबलावर टेकावा. हात टेकला नाही तर हातांचं वजन खांद्यावरून मानेकडे चढणाऱ्या स्नायूंवर लटकतं, आणि डोक्याचा भार कमी करून मिळवलेलं तिथे जातं.

आपल्या काकी 42 सेंटीमीटर उंच स्टुलावर बसतात. तिथून कोपर 22 सेंटीमीटर वर, म्हणजे जमिनीपासून 64. त्यात 7 मिळवले की ताट 71 सेंटीमीटरवर हवं. आता घरातलं टेबल 75 चं निघालं तर पाय कापत बसू नका. स्टूल 4 सेंटीमीटर उंच करा आणि पायाखाली तेवढ्याच जाडीची फळी टाका. फळी विसरलात तर पाय लोंबतात, माणूस पुढे घसरतो आणि पाठीला बाक येतो. पाठीला बाक आला की डोकं पुन्हा पुढे.

जमिनीवर मांडी घालूनच बसायची सवय असेल तर चौरंग घ्या, पण मांडी खाली शिरेल असा. मांडी बाहेर राहिली की ताट लांब जातं, हात लांबवावे लागतात आणि उंचीचा सगळा फायदा जातो. पाठीखाली भिंत आणि बुडाखाली दुमडलेलं पोतं असलं की जमिनीवरही बरंच निभतं. तरी पर्याय असेल तर मी टेबलच घ्यायला सांगेन, कारण जमिनीवरून उठायचा कंटाळा येतो आणि माणूस तासन् तास तसाच राहतो.

पुढे ताट कलतं करा. 40 सेंटीमीटर खोल ताटाच्या मागच्या कडेखाली 10 सेंटीमीटरची लाकडी पट्टी दिली की साधारण पंधरा अंशांचा उतार मिळतो आणि गर डोळ्यांकडे तोंड करतो. गर घरंगळतील, म्हणून ताटात पोत्याचं कापड अंथरा आणि पुढची कड उंच ठेवा.

उजेडाचं बहुतेक जण शेवटी बघतात, ते आधी बघावं. अंधुक उजेडात सालीचा शेवटचा कण दिसत नाही आणि डोकं आपोआप खाली जातं. पावसाळ्यात तर भर दुपारीही दिवा लागतो. दिवा डोक्यामागे असला तर आपलीच सावली ताटात पडते. तो समोरून, जरा बाजूने हवा. डोळ्यांचा नंबरही तपासून घ्या.

हलायची वेळ ठरवा

मजुरी किलोवर असते, म्हणून "दर वीस मिनिटांनी उठा" हा सल्ला कुणी पाळत नाही. त्यापेक्षा लहान ताट घ्या, अर्ध्या तासात संपेल असं. संपलं की ते स्वतः उठून ओतायला जायचं, कुणाला हाक मारायची नाही. तेवढ्यात खांदे मागे फिरवा आणि दूर कुठेतरी माडाच्या शेंड्याकडे बघा.

दोन व्यायाम पुरेत

पहिला बसून. नजर समोर ठेवून डोकं सरळ मागे सरकवा, हनुवटीखाली वळी पडेल इतकं. हनुवटी वर जाता कामा नये. पाच सेकंद थांबा, सोडा, असं दहा वेळा.

दुसरा झोपून. उताणं पडून डोक्याखाली दुमडलेला पंचा ठेवा. अगदी बारीक "हो" म्हटल्यासारखी हनुवटी खाली आणा, डोकं पंच्यावरून न उचलता. इथे मानेच्या आतले, मणक्याला लागून असलेले पुढचे स्नायू काम करतात. बाहेरचे मोठे स्नायू पुढे पुढे करत नाहीत ना, हे गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून बघा. तिथे दोरीसारखं ताठ झालं तर जोर जास्त लागतो आहे. दहा सेकंद, दहा वेळा, रोज एकदा. फरक दिसायला काही आठवडे लागतात.

केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची हौस सोडा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने क्वचित फाटू शकतात.

पुन्हा फोटो

पंधरा दिवसांनी, कामात असतानाच, तसाच फोटो. काकींचं अंतर 16 वरून 12 वर आलं तर आपल्या हिशेबाने ओढा 10 किलोवरून 6 वर आला. 9 वर येणार नाही, कारण हातातल्या कामाकडे बघायचं तर मान थोडी वाकणारच. अंतर कमी झालं आणि दुखणं तसंच राहिलं, तर कारण दुसरं असू शकतं.

हातात मुंग्या येत असतील, चाकू निसटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल किंवा झाडावरून पडल्यावर मान दुखत असेल, तर ताटाची उंची बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मान, जबडा किंवा हात दुखण्याबरोबर घाम आणि धाप लागली तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.