तीन वर्षांची बी.एस्सी., एच-१बी आणि अनुभवपत्र

तीन वर्षांची बी.एस्सी. हाती असताना अमेरिकेतील पदासाठी चार वर्षांची पदवी मागितलेली दिसली, म्हणून लगेच माघार घेण्याचे कारण नाही. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नियमांनुसार कमी पडणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक वर्षापोटी त्याच विषयातील तीन वर्षांचा अनुभव धरता येतो. म्हणजे संगणकशास्त्राच्या बी.एस्सी.ला साधारणपणे तीन वर्षांच्या कामाची जोड पुरेशी ठरू शकते.

मात्र ही तीन वर्षे नुसत्या नोकरीची नव्हेत, त्या विषयातील सैद्धांतिक ज्ञान वापरून केलेल्या कामाची असावी लागतात आणि ते काम तीच पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता असलेल्या सहकाऱ्यांबरोबर, वरिष्ठांबरोबर अथवा हाताखालच्या लोकांबरोबर झालेले असावे लागते. माझे घोडे नेमके इथेच अडले. आपल्याकडच्या अनुभवपत्रात काय असते? रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा आणि ‘वर्तणूक समाधानकारक’. माझ्या दोन नोकऱ्या मिळून चार वर्षे भरत होती, परंतु पहिले वर्ष केवळ डेटा एन्ट्रीचे असल्यामुळे ते बाद झाले. उरलेल्या तीन वर्षांत मी कोणती प्रणाली लिहिली आणि संघात कोण काय शिकलेले होते, याचा पत्रांत उल्लेखच नव्हता. यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडून आणखी पुरावे मागणारी नोटीस आली. पहिली कंपनी तोवर बंद पडली होती, त्यामुळे तेथील माजी वरिष्ठांकडून त्यांच्या पदवीच्या प्रतीसह शपथपत्र घ्यावे लागले. याखेरीज तुमच्या प्रावीण्याला मान्यता असल्याचा स्वतंत्र पुरावाही लागतो, उदाहरणार्थ क्षेत्रातील दोन जाणकारांची पत्रे. म्हणून नोकरी सोडतानाच, वरिष्ठ अजून फोन उचलतात तेव्हाच, सविस्तर पत्र लिहून घ्या.

‘इव्हॅल्युएशनमध्ये सगळे बसवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मूल्यमापन संस्थेचे मत शिक्षणापुरतेच ग्राह्य असते. अनुभवासाठी मात्र, अनुभवावर शैक्षणिक क्रेडिट देण्याचा अधिकार विद्यापीठाने ज्यांना दिला आहे अशा प्राध्यापकांचे मत लागते, नाहीतर यूएससीआयएस स्वतः मोजदाद करते. कागद नीट असतील तर या मोजदादीला घाबरण्यासारखे काही नाही. तीन वर्षांच्या पदवीवर एच-१बी मिळालेले लोक आहेत.

परंतु हाच हिशेब ग्रीन कार्डच्या ईबी-२ गटात चालेल असे गृहीत धरू नका. तेथे पदव्युत्तर पदवी नसल्यास अमेरिकी बॅचलरशी समकक्ष अशी एकच संपूर्ण पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव लागतो. अनुभवाने पदवीतील उणीव भरून निघत नाही. बहुतेकांना मग ईबी-३ मधील कुशल कामगारांचा मार्ग धरावा लागतो, आणि त्यासाठीही शिक्षण व अनुभवाची सांगड चालेल हे कंपनीने पर्मच्या, म्हणजे ग्रीन कार्डसाठी अमेरिकेच्या कामगार खात्याकडे करायच्या अर्जातच स्पष्ट लिहिलेले असावे लागते. तो अर्ज दाखल झाल्यावर ही अट बदलता येत नाही, तेव्हा कंपनीच्या वकिलाकडून त्याचा मसुदा आधी मागून घ्या आणि किमान पात्रतेचा रकाना स्वतः वाचा.