क्लिक, इंडिपेंडंट सेट, व्हर्टेक्स कव्हर: नेमकं काय उलटायचं? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी दर सत्राअखेर अल्गोरिदमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येतो. व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात. मार्क जातात ते एकाच जागी. या विषयात ‘पूरक’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि मुलं एकीच्या जागी दुसरी वापरतात. कधी ग्राफचा पूरक घ्यायचा असतो, कधी संचाचा.

उदाहरण आमच्याच परीक्षा विभागातलं घेऊ. मागे राहिलेल्या सात विषयांचे पेपर लावायचे आहेत: ग म्हणजे गणित, आणि बाकीचे अ, ब, क, ड, इ, फ. दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक असेल तर त्यांच्यामध्ये कडा काढायची. गणित सगळ्यांचंच राहिलेलं असतं (हे दरवर्षीचंच), म्हणून ग पासून सहाही विषयांकडे कडा जाते. त्याशिवाय अ आणि ब यांची एक टक्कर आहे. एकूण 7 कडा.

एकाच सकाळी बिनधास्त ठेवता येतील असे विषय म्हणजे इंडिपेंडंट सेट. इथला सर्वांत मोठा 5 चा: अ, क, ड, इ, फ. जे पेपर दुसऱ्या दिवशी ढकलले की त्या सकाळी एकही टक्कर उरत नाही, ते व्हर्टेक्स कव्हर. ते 2 चं: ग आणि ब. एकमेकांशी सगळेच टकरावतात तो घोळका म्हणजे क्लिक: ग, अ, ब, आकार 3.

आता पहिलं नातं बघा. सकाळी ठेवलेले 5 आणि ढकललेले 2, बेरीज 7. ग्राफला हातसुद्धा लावलेला नाही, फक्त संचाची दुसरी बाजू पाहिली. कारणही सरळ आहे. S या संचात एकही कडा दोन्ही टोकांसह सापडत नसेल, तर प्रत्येक कडेचं निदान एक टोक S च्या बाहेर असणारच, म्हणजे बाहेरचे बिंदू सगळ्या कडा झाकतात. उलट दिशेनेही हेच वाक्य वाचता येतं. म्हणून n बिंदूंच्या ग्राफमध्ये k आकाराचा इंडिपेंडंट सेट असणं आणि त्याच ग्राफमध्ये n-k आकाराचं व्हर्टेक्स कव्हर असणं, या दोन्हींचा अर्थ एकच.

दुसऱ्या नात्यात हे सगळं उलटं होतं. क्लिक आणि इंडिपेंडंट सेट यांच्यात ग्राफ बदलतो. संच तोच राहतो आणि k ही तोच. पूरक ग्राफमध्ये कडा होती तिथे नसते, नव्हती तिथे येते. आपल्या ग्राफचा पूरक काढा: ग एकटा पडतो आणि उरलेल्या सहांपैकी अ-ब सोडून प्रत्येक जोडीत कडा येते. त्यात अ, क, ड, इ, फ हे पाचही एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे तोच संच आता क्लिक झाला. आणि मूळची क्लिक ग, अ, ब इथे इंडिपेंडंट सेट आहे.

क्लिककडून व्हर्टेक्स कव्हरकडे जाताना मात्र दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. रिचर्ड कार्प यांनी 1972 च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात नेमकं हेच रिडक्शन दिलं: ग्राफ पूरक घ्या आणि k च्या जागी n-k ठेवा. आपल्याकडे क्लिक 3 ची, म्हणजे पूरक ग्राफमध्ये 7-3=4 चं कव्हर हवं. क, ड, इ, फ घेऊन बघा. पूरकातली जी कडा यांना शिवत नाही तिची दोन्ही टोकं ग, अ, ब मध्ये असायला हवीत, आणि तिथे कडाच नाहीत.

आता चुका. सर्वांत जास्त दिसणारी अशी: इंडिपेंडंट सेटवरून व्हर्टेक्स कव्हरवर जाताना मूल सवयीने ग्राफही पूरक करून टाकतं. k=5 असेल तर ते विचारतं, पूरक ग्राफमध्ये 2 चं कव्हर आहे का? नाही, तिथे कमीत कमी 4 लागतात. मूळ प्रश्नाचं उत्तर ‘हो’, यांचं ‘नाही’. दुसरी चूक k तसाच ठेवण्याची. 6 चा इंडिपेंडंट सेट आपल्या ग्राफमध्ये नाही, पण 6 चं व्हर्टेक्स कव्हर सहज आहे. इथे उलट, ‘नाही’चं ‘हो’ झालं.

या चुका वहीत पकडल्या जात नाहीत, कारण मुलं तपासायला पंचकोन घेतात. पाच बिंदूंच्या वर्तुळाचा पूरक काढला की पुन्हा पाच बिंदूंचं वर्तुळच मिळतं. ग्राफ चुकून उलटवला तरी उत्तर बरोबरच येतं! गेल्या वर्षी एका मुलीने तावातावाने विचारलं, “सर, पंचकोनावर तर जुळतंय, मग मार्क का कापले?” मी तिला फळ्यावर हा सात विषयांचा ग्राफ काढून दिला, तिने दोन मिनिटांत स्वतःच खोडलं. तसंच n=6, k=3 असलं उदाहरणही टाळा; तिथे k आणि n-k सारखेच असतात. आपल्या ग्राफमध्ये 5, 2, 3, 4 असे चारही आकडे वेगळे आहेत, म्हणून चूक लगेच उघडी पडते.

प्रयोगशाळेत चूक कोडमधून येते. पूरक असा काढतात:

```python
def complement(n, E):
    return {(u, v) for u in range(n)
            for v in range(u + 1, n)
            if (u, v) not in E}
```

इथे `E` मधली प्रत्येक कडा लहान क्रमांक आधी अशीच हवी. कोणी `(0, 3)` ऐवजी `(3, 0)` भरलं, तर ती कडा मूळ ग्राफमध्येही आहे आणि पूरकातही येते. ओळखायला बेरीज करा: दोन्ही ग्राफच्या कडा मिळून n(n-1)/2 व्हायला हव्यात. आपल्याकडे 7+14=21. 22 आले, तर एक कडा उलटी भरली आहे. `v` ची सुरुवात `u` पासून केली, तर स्वतःकडेच जाणाऱ्या सात कडा येऊन बसतात आणि बेरीज 28 होते.

शेवटची चूक हुशार मुलं करतात. व्हर्टेक्स कव्हरसाठी सोपी युक्ती आहे: न झाकलेली कुठलीही कडा घ्या, तिची दोन्ही टोकं उचला, पुढची घ्या. उत्तर सर्वोत्तमाच्या दुपटीपेक्षा मोठं कधीच येत नाही. मग मुलं लिहितात, बाहेर उरलेले बिंदू म्हणजे निदान निम्म्या आकाराचा इंडिपेंडंट सेट. तसं होत नाही. 1000 बिंदू घ्या, दोन-दोनच्या 500 जोड्या, प्रत्येक जोडीत एक कडा. सर्वोत्तम कव्हर 500 चं. युक्ती सगळेच 1000 उचलते, म्हणजे बरोबर दुप्पट, नियमात बसणारं. बाहेर उरले शून्य, आणि खरा इंडिपेंडंट सेट 500 चा होता. n-k मुळे ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर जसंच्या तसं पलीकडे जातं, ‘किती जवळ’ हे जात नाही. क्लिक आणि इंडिपेंडंट सेट यांच्यात मात्र ते जातं, कारण तिथे संचही तोच राहतो आणि आकारही.