ड्राइव्हचे तास आणि कंपन यांवरून मोटरच्या देखभालीची तारीख कशी काढावी

उदाहरणासाठी ब्लोअरची ३७ किलोवॅटची, चार पोलची मोटर घेऊ. सेन्सर बेअरिंगच्या घरावर घट्ट बसवावा, पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर नव्हे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधून आउटपुट फ्रिक्वेन्सी आणि मोटर प्रत्यक्ष फिरल्याचे तास घ्यावेत. ड्राइव्हला वीज मिळत असल्याचे तास बहुधा वेगळे मोजले जातात आणि ते येथे निरुपयोगी आहेत.

खरी अडचण पुढे आहे. ड्राइव्हवरील मोटरचा वेग सतत बदलतो आणि असंतुलनामुळे निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३० हर्ट्झवरून ४५ हर्ट्झवर गेल्यास ते सव्वादोन पट होते. त्यामुळे दिवसभराच्या कंपनाची सरासरी काढून तिचा आलेख करण्याचा सल्ला मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. अशा आलेखात उत्पादनाचा चढउतार दिसतो, यंत्राची प्रकृती दिसत नाही. एकच वेग ठरवावा, समजा ४० हर्ट्झ, आणि मोटर त्या वेगावर दोन मिनिटे स्थिर राहिल्यानंतरचीच नोंद ग्राह्य धरावी. नेहमीच्या कामात हा वेग येत नसेल, तर आठवड्यातून एकदा पाळी बदलताना तो मुद्दाम द्यावा. वेग ठरवण्यापूर्वी एकदा मोटर सावकाश चढवून पाहावी. जेथे कंपन एकाएकी उसळते तेथे अनुनाद असतो आणि त्याच्या आसपासचा वेग कधीही निवडू नये.

आता तास आडव्या अक्षावर घ्यावेत, तारखा नव्हे, कारण बंद यंत्र महिनाभरात झिजत नाही. समजा ६,००० तासांना १.६, ६,५०० ला १.९ आणि ७,००० ला २.२ मिमी प्रति सेकंद आरएमएस अशा नोंदी आहेत. या क्षमतेच्या, कडक पायावरील मोटरसाठी आयएसओ २०८१६-३ नुसार २.८ च्या पुढे यंत्र दीर्घकाळ चालवणे योग्य नाही. दर ५०० तासांना ०.३ या गतीने ही मर्यादा ८,००० तासांना येईल. रोज १६ तास चालल्यास सुमारे ६२ दिवसांनी. मात्र शेवटच्या टप्प्यात ही रेषा सरळ राहत नाही, म्हणून मी निम्मीच मुदत धरतो: काम महिनाभरात उरकावे आणि तोवर दर १०० तासांनी नोंद घ्यावी.

बेअरिंग मागवण्यापूर्वी स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती कंपन आहे ते, अवश्य पाहावा. वाढ प्रामुख्याने मोटरच्या फिरण्याच्या वारंवारितेवर, म्हणजे ४० हर्ट्झ आउटपुटला साधारण २० हर्ट्झपेक्षा किंचित खाली असेल, तर बहुधा ब्लोअरच्या पात्यांवर धूळ बसलेली असते. तेव्हा आधी पाती साफ करून पुन्हा मोजावे. बेअरिंगची सुरुवातीची इजा मात्र कंपनवेगाच्या या एकूण आकड्यात बरेचदा दिसतच नाही. तिच्यासाठी उच्च वारंवारितेचे त्वरण मोजणारा सेन्सर लागतो.

दुरुस्तीनंतर त्याच ४० हर्ट्झवर नवी आधाररेषा घ्यावी आणि तासांचा काउंटर शून्य न करता, त्या वेळचा आकडा वहीत लिहून ठेवावा.