रविवारच्या लिंका: तयारीची यादी, आणि आधी तारीख बघा

दर रविवारी पाऊसपाण्यावरच्या सहा-सात लिंका आणि प्रत्येकीखाली दोन-चार ओळींचा शेरा, एवढंच माझं काम. गेल्या पावसाळ्यात त्यातली एक लिंक तीन वर्षं जुनी निघाली. जायकवाडीचे दरवाजे उघडल्याची बातमी होती, आणि खाली मी ऐटीत लिहिलेलं, 'गोदाकाठच्यांनी जपून'. रात्री साडेअकराला चुलतभावाच्या मेव्हण्याचा फोन, पैठणच्या खालच्या गावातून. "दाजी, पावसात चौघं जाऊन नदीतली मोटर काढली, पाईप सोडवले, पाणी कुठंय?" पाणी तीन वर्षांपूर्वी वाहून गेलेलं. तेव्हापासून ही यादी माझी मलाच लिहून ठेवलीये, तुम्हाला उपयोग झाला तर बघा.

सोमवार ते गुरुवार नुसतं गोळा करायचं. कुठे साठवता ते तुमचं तुम्ही बघा, मी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप पाठवतो. फक्त लिंक टाकताना तिच्यापुढे अर्धी ओळ लिहा, ही का ठेवतोय. 'आकडा वेगळा वाटतोय', 'तक्ता आहे', 'कालव्याचं कोणीच लिहीत नाही ते इथे आहे', असं काहीही चालेल. नाहीतर शुक्रवारी रात्री चाळीस लिंका समोर असतात, प्रत्येक उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायची, आणि मग कंटाळून माणूस मथळ्यावरूनच शेरा लिहितो, आणि मथळा वाचकाला लिंकवर दिसतच असतो.

आणि तारीख. ठेवतानाच तारीख बघा, नंतर बघू म्हणू नका, नंतर कोणी बघत नाही, मीही नाही बघितली. यातली मेख सांगतो, कारण मी तारीख अगदीच पाहिली नव्हती असं नाही. बऱ्याच पेपरांच्या साईटवर पानाच्या माथ्यावर, नावाशेजारी, आजची तारीख असते. ती साईटची तारीख, बातमीची नाही, आणि माझी नजर नेमकी तिच्यावर पडली. बातमीची तारीख मथळ्याखाली बारीक अक्षरात असते, आणि तिथेही 'अपडेटेड' लिहिलेलं असलं की सावध राहा, कारण कोणी फोटो बदलला किंवा एक शब्द दुरुस्त केला तरी ती तारीख पुढे सरकू शकते. शंका आली की कॉम्प्युटरवर पत्त्याच्या आधी `view-source:` टाकायचं आणि आत हे शोधायचं:

```
datePublished
dateModified
```

बहुतेक बातम्यांच्या साईटवर दोन्ही सापडतात. पहिली तारीख खरी जन्मतारीख. दोघींमध्ये महिन्यांचं अंतर दिसलं तर ती लिंक या आठवड्याची नाही. जुनी लिंक द्यायचीच नाही असं काही नाही, चांगली असेल तर जरूर द्या, पण शेऱ्याचा पहिला शब्द वर्ष असू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या लिंकेची तारीख दोनदा बघा. पावसाळ्यात धरणाच्या जुन्या बातम्या दरवर्षी नव्याने फिरतात, पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून तर आपण फसतो.

शुक्रवारी निवड. चाळीसातल्या सात ठेवायच्या. एकाच एजन्सीची बातमी चार ठिकाणी जशीच्या तशी छापलेली असते, तेव्हा त्यातलं मूळ शोधा, म्हणजे ज्यात तक्ता आहे किंवा जिथून आकडा आला ते. जलसंपदा खात्याचा साठ्याचा तक्ता मिळाला तर त्यावरच्या तीन बातम्या उडवा. सात का, तर मी बारा दिल्या होत्या तेव्हा लोक पहिल्या तीनच उघडायचे आणि शेरेही माझे आठव्यानंतर पातळ व्हायचे.

आता शेरा, इथे वेळ द्या. सारांश लिहू नका. 'महत्त्वाची माहिती, जरूर वाचा' हे तर लिहूच नका, त्यापेक्षा रिकामी ओळ बरी. माझी साधी कसोटी अशी, लिंक हाताने झाकायची आणि शेरा वाचायचा. तो दुसऱ्या कुठल्याही लिंकेखाली चालला असता तर खोडायचा. वाचकाला बातमीत नसलेलं काहीतरी मिळालं पाहिजे, आकडा कशाचा आहे, दोन बातम्या का जुळत नाहीत, चाळीस पानी पीडीएफमध्ये नेमकं कुठलं पान उघडायचं.

एक करूनच दाखवतो. समजा एका बातमीत जायकवाडी ६० टक्के, दुसरीत ७० टक्के, दोन्ही एकाच दिवसाच्या (हो, तारीख बघितली). आळशी शेरा म्हणतो, 'आकड्यांचा घोळ सुरूच'. पण घोळ नाहीये. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२.७ टीएमसी, त्यातला २६ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे दरवाजांतून-कालव्यातून सहज न निघणारं तळाचं पाणी, आणि उरलेला सुमारे ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त साठा ६० टक्के म्हणजे ४६ टीएमसी. त्यात मृतसाठ्याचे २६ मिळवले की झाले ७२. आता ७२ ला १०२.७ नी भागा, ७० टक्के आले. दोन्ही बातम्या बरोबर, एकाने पेल्यातलं पिण्याजोगं मोजलं, दुसऱ्याने तळाच्या गाळासकट. तर शेरा असा, 'दोन्ही आकडे खरे आहेत, ६० टक्के उपयुक्त साठ्याचे आणि ७० एकूण साठ्याचे. शेतीचं आणि पिण्याचं गणित ६० वर करा.' तीस शब्दसुद्धा नाहीत, आणि मूळ दोन्ही बातम्यांत हे नाही. यासाठी मला तक्ता उघडून पाच मिनिटं लागली, आणि हीच पाच मिनिटं वाचकाची वाचतात. आकड्यापुढे 'उपयुक्त' की 'एकूण' हे बातमीत नसेल आणि तक्ताही मिळाला नाही, तर तसं सरळ लिहा, अंदाज ठोकू नका.

पावसाच्या आकड्यांना पुन्हा तारखेचंच लफडं. हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना पाठ, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचे आहेत, त्यामुळे नोंदीत ते २७ तारखेला दिसतात. एक लिंक २६ म्हणते, दुसरी २७, आणि खाली लोक भांडतात. हे एका ओळीत सांगितलं की शेऱ्याचं काम झालं. दुसरी ओळ जागेची लिहा. त्याच २४ तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास पडला होता, म्हणून 'मुंबईत इतका पाऊस' असं नुसतं लिहिलेलं दिसलं की कुठल्या केंद्रावर ते शोधून शेऱ्यात टाका.

सरासरीलाही तारीख असते बरं का. 'देशात सरासरीच्या इतके टक्के पाऊस' ही बातमी दरवर्षी येते आणि आपण मागच्या वर्षांशी तुलना करून मोकळे होतो. जून ते सप्टेंबरची ही सरासरी आता ८७ सेंटिमीटर धरतात, १९७१ ते २०२० वरून काढलेली. २०२२ च्या आधी ती ८८ होती, १९६१ ते २०१० ची. फरक थोडाच, पण २०२१ चा टक्का आणि आताचा टक्का शेजारी ठेवणार असाल तर एक ओळ लिहा, नाहीतर कोणीतरी जाणकार येऊन तुमची उतरवतो. माझी उतरवलीये.

शेऱ्यात मत द्यायला हरकत नाही, पण माहिती कुठली आणि आपलं कुठलं हे वेगळं कळू द्या. 'मला वाटतं' हे दोन शब्द स्वस्त आहेत. आणि बातमी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय शेरा नाही. दरवाजे 'उघडणार' आणि 'उघडले' यातला फरक बऱ्याचदा शेवटच्या परिच्छेदात असतो.

शनिवारी लिंका धुवा. पत्त्याच्या शेपटीला `utm_source` किंवा `fbclid` वगैरे लागलेलं असतं, ते कापा. पण प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं डोळे मिटून उडवू नका, काही सरकारी साईटवर `?id=` नंतरच बातमीचा नंबर असतो, तो गेला की लिंक मुख्यपानावर जाऊन पडते. कापल्यावर उघडून बघा.

रोज बदलणाऱ्या पानाची लिंक नुसती देऊ नका. हवामानाचं ताजं बुलेटिन, धरणाचा आजचा तक्ता, ही पानं त्याच पत्त्यावर बदलत राहतात. शुक्रवारच्या आकड्यावर तुम्ही शेरा लिहिला, वाचकाने मंगळवारी उघडलं, त्याला दुसराच आकडा दिसला, आणि खोटे ठरलात तुम्ही. `web.archive.org/save` वर पत्ता टाकून त्या दिवशीची प्रत करून ठेवा आणि तिचीच लिंक द्या. काही साईट तिथे जतन होत नाहीत, मग आकडा आणि तारीख-वेळ शेऱ्यातच लिहा. तारीख म्हटलं मी.

पैसे भरून वाचायची लिंक असेल तर तसं लिहा. लिंक ज्याच्याकडून मिळाली त्याचा उल्लेख करा. क्रम काय, जी सगळ्यात जास्त कामाची ती वर.

रविवारी सकाळी सगळ्या लिंका फोनवर, लॉगिन नसलेल्या खिडकीत, एकेक दाबून बघा. शुद्धलेखन जमेल तेवढं. मग सातही लिंकांच्या तारखा एका कागदावर पेनाने लिहून काढा, कागदावरच, कारण पडद्यावर डोळा सरकतो. माझ्या फ्रीजवर मागच्या आठवड्याचा अजून चिकटवलेला आहे, त्यात पाचवी तारीख खोडून पुन्हा लिहिलीये.

चूक निघालीच तर गुपचूप बदलू नका, वरच्या ओळीत दुरुस्ती लिहा. आणि ज्याने मोटर काढलीये त्याला आधी फोन करा.