फ्री डिलिव्हरी कुठपर्यंत? घरगुती खाण्याच्या धंद्यात या चुका टाळा

तालुक्याच्या गावात घरून डबे, पाटोडी-भाकर, पुरणपोळी विकणाऱ्या बायका आता बऱ्याच झाल्या आणि चांगलं करून राहिल्या, पण डिलिव्हरीचा विषय निघाला की सगळ्यांची तीच चूक. बॅनर छापायच्या दिवशी कोणीतरी म्हणते "३ किमी फ्री लिहून टाक", आणि लिहून टाकतात. ३ च का, २ का नाही, याचं उत्तर कोणाजवळच नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाशावर गोल काढणे. मोबाईलच्या मॅपवर दोन ठिकाणांतलं अंतर मोजायची सोय असते, ती सरळ रेषेत मोजते, कावळा उडतो तसं. गाडी तशी जात नाही न बाप्पा! आपल्याकडे मधात नाला असते, रेल्वेचं फाटक असते, कोणाचं वावर असते.

आमच्या भागातल्या एका ताईनं असंच मॅपवर मोजून ३ किमी फ्री ठेवलं. नदीपलीकडची वस्ती मॅपवर पावणेदोन किमी, उन्हाळ्यात रपट्यावरून गाडी जायची, अडीचेक किमी पडायचे, काही वाटलं नाही. पावसाळ्यात रपटा पाण्याखाली गेला की मोठ्या पुलावरून फिरून जा, म्हणजे एका बाजूनं ७ किमी. आणि नेमक्या तिकडूनच ऑर्डरी वाढल्या, कारण तिकडे दुसरं कोणी पोचवतच नव्हतं. पोळ्याच्या आसपास तर रोज तिकडे फेऱ्या, त्याही एक-एक, दोन-दोन प्लेटच्या. ताई खूश, म्हणे धंदा वाढून राहिला. महिन्याच्या शेवटी किराण्याची उधारी द्यायला पैसे कमी पडले तेव्हा आम्ही दोघी वही घेऊन बसलो, आणि जे निघालं ते खाली हिशोबात सांगते. बॅनरवर लिहिलेलं असल्यानं नाही म्हणता येईना, ते वेगळंच.

म्हणून मी किमी लिहूच नका म्हणते. स्वतःच्या गाडीवर बसा, मीटर पाहा, आणि वस्तीवार यादी करा: बसस्टँड, पाण्याची टाकी, आयटीआय, फाट्यावरची वस्ती, सगळ्यांचं गाडीच्या मीटरचं अंतर वहीत. मॅपचा रस्ता दाखवणारा भाग थोडा बरा, पण तोही कधी पांदण रस्त्यानं घालतो, आणि काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात काय असते ते तुम्हाला सांगायला नको. जिथे पाणी येते तिथे दोन आकडे लिहा, कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा, आणि चार्ज पावसाळ्याच्या आकड्यावर बसवा. गिऱ्हाइकालाही "टाकीपर्यंत फ्री" लगेच समजते, किमीवरून मात्र भांडणं होतात.

दुसरी चूक, फक्त जातानाचं पेट्रोल मोजणे. "गाडी ४२ देते, २ किमीला पाचच रुपये लागतात ताई" असं मला सांगतात. गाडी तिथंच राहते का? परत येतेच न. आणि ऑइल, टायर, सर्व्हिसिंग, पोराचा वेळ कोण देते?

त्या ताईचाच हिशोब घ्या. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं आणि गाडी ४२ देते, तर किमीला अडीच रुपये. टायर-ऑइल-सर्व्हिसिंगचे दीड धरा, झाले ४. पोराला तासाला ६० देते, म्हणजे मिनिटाला १ रुपया, गावातल्या रस्त्यानं एका किमीला ३ मिनिटं जातात, झाले ३. म्हणजे किमीला ७, जाणं-येणं धरून १४. शिवाय दारात घर शोधणे, फोन, सुट्टे पैसे यात ५-६ मिनिटं जातातच, त्याचे ६. म्हणजे एका ऑर्डरचा खर्च ६ रुपये अधिक दर किमीला १४. बस, एवढंच लक्षात ठेवायचं.

आता तिची नेहमीची ऑर्डर १८० ची, दोन प्लेट पाटोडी-भाकर. सामान, गॅस, डबे-पिशवी जाऊन उरतात ६०. त्यातले ४० तिच्या मेहनतीचे, त्याला हात लावायचा नाही असं मी तिला ठासून सांगितलं. डिलिव्हरीला राहिले २०. सहा गेले दारातले, उरलेल्या १४ मध्ये किती जाता येते? १ किमी. फ्री डिलिव्हरी फक्त तेवढीच! आणि ती फिरून जायच्या ७ किमीवर पाठवत होती, म्हणजे १०४ रुपये खर्च, हातात ६०. दर ऑर्डरीला ४४ रुपये घरातून, वरून मेहनत फुकट.

पण ऑर्डर ३६० ची असली तर डिलिव्हरीला ४० निघतात, मग अडीच किमीपर्यंत जमते. म्हणून फ्रीचा आकडा नुसत्या अंतरावर ठेवूच नये, ऑर्डर किती रुपयांची तेही सोबत बांधायचं. तिला मी असं करून दिलं: १ किमीपर्यंत १८० च्या वर फ्री. अडीच किमीपर्यंत २० रुपये, ३६० च्या वर फ्री. ४ किमीपर्यंत ४० रुपये, ३६० च्या वर असेल तर २०. ४ ते ६ किमी असेल तर कमीत कमी ५०० ची ऑर्डर आणि ४० रुपये चार्ज. त्याच्यापुढे आदल्या दिवशी सांगा, त्या बाजूच्या तीन-चार ऑर्डरी जमल्या तरच.

प्रत्येक टप्प्याचा चार्ज त्याच्या शेवटच्या टोकावरून काढा, मधल्या अंतरावरून नाही. ४ किमीला खर्च ६२, त्यातले २० ऑर्डरमधून, राहिले ४२, म्हणून ४०. मधलं अंतर धरणाऱ्यांच्या ऑर्डरी नेमक्या टोकावरूनच येतात.

एकदम मोठी उडी ठेवू नका, फ्रीवरून सरळ ५०. अलीकडच्या घरी मागवून शेजारी घेऊन जातात.

"पोरगा घरचाच आहे, त्याचे पैसे कशाला मोजायचे" हेही बंद करा. पोराची परीक्षा आली की माणूस लावावाच लागतो, आणि तेव्हा रेट वाढवले तर गिऱ्हाइक नाराज.

शहरातल्या ॲपचे रेट पाहून उतरवू नका. तिथे एका बिल्डिंगीत चार ऑर्डरी असतात. दहा मिनिटं वही घेऊन बसायचा कंटाळा येतो म्हणून हे शॉर्टकट मारतात, मला याचा खरंच राग येतो, कारण घाम बाईचाच जातो.

दोन ऑर्डरी एका फेरीत गेल्या तर पैसे वाचतात, खरं आहे. संध्याकाळी साडेसातची एकच फेरी ठेवली की आपोआप जमतात. पण रेट मात्र एकट्या ऑर्डरीवरच काढा, जमल्या तर तो नफा.

वहीत रोज चार रकाने ठेवा: वस्ती, ऑर्डरचे रुपये, मीटरचे किमी, घेतलेला चार्ज. महिन्यानं वस्तीवार बेरीज केली की कोणती वस्ती खाऊन राहिली ते लगेच दिसते. ऑर्डरी वाढल्या, पेट्रोल वाढलं आणि डब्यात पैसा तेवढाच, असं दिसलं की पहिले दूरच्या वस्तीच्या छोट्या ऑर्डरी तपासा. जुन्या गिऱ्हाइकांना नवीन रेट सांगायचे असतील तर १ तारखेपासून म्हणून आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर यादीच टाका, वस्तीच्या नावासकट, आणि कोणाला खासगीत सूट देऊ नका, गावात ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होते.