दुसरा दावा घालण्याआधी: रेस ज्युडिकाटा आणि रेस सब ज्युडिसमधल्या त्याच त्या चुका

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना शेतीचे दावेच जास्त येतात. धुरा, पांदण, वाटणी, वहिवाट. आणि त्यातला एक ठरलेला अशील असतो, जो पिशवीतून आधीच्या दाव्याचा निकाल काढतो आणि म्हणतो, "साहेब, तो हरलो. आता दुसरा टाका." असा दुसरा दावा कधी चालतो आणि कधी नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या सीपीसीच्या, कलम १० आणि ११ मध्ये लिहिलेले आहे. दोन्ही कलमे मिळून पानभरही नाहीत. तरी दरवर्षी त्याच चुका दिसतात, आणि त्यांची किंमत वकील नाही, शेतकरी मोजतो.

थोडक्यात सांगायचे तर कलम १० म्हणजे रेस सब ज्युडिस. तोच वाद आधीच्या दाव्यात चालू असेल तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. कलम ११ म्हणजे रेस ज्युडिकाटा, ज्याला मराठी पुस्तकांत प्राङ्न्याय म्हणतात. तोच वाद त्याच पक्षकारांमध्ये सक्षम कोर्टाने ऐकून कायमचा निकाली काढला असेल, तर तो पुन्हा चालवता येत नाही.

चूक पहिली: "आपला दावा आधीचा आहे, काळजी नाही"

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिच्यामुळे एका माणसाचा रस्ता गेलेला मी पाहिला आहे.

त्याचे शेत मागच्या बाजूला. बैलबंडी न्यायची तर शेजाऱ्याच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावरूनच जावे लागे. शेजाऱ्याने धुऱ्यावर काटे टाकले. याने जून २०११ मध्ये दावा घातला: वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही हा रस्ता उघडपणे आणि हक्काने वापरतो, तसे जाहीर करा आणि अडथळ्याला मनाई करा. ऑगस्टमध्ये शेजाऱ्याने त्याच कोर्टात आपला वेगळा दावा घातला: माझ्या शेतातून कुठलाही रस्ता नाही, याला शेतात शिरायला मनाई करा.

दोन दावे, दोन नंबर, दोन वेगळ्या पेशा. पण वाद एकच, रस्ता आहे की नाही. पहिल्या दाव्यात मुद्दा निघाला, "वादी रस्त्याचा हक्क सिद्ध करतो का?" दुसऱ्यात निघाला, "प्रतिवादी रस्त्याचा हक्क सिद्ध करतो का?" माणूस तोच, रस्ता तोच, फक्त खुर्ची बदलली.

इथे ऑगस्टच्या दाव्यात कलम १० चा अर्ज देऊन त्याची सुनावणी थांबवायला हवी होती. तो दिला गेला नाही. अशिलाला वाटले की शेजाऱ्याचा दावा नुसता बदल्याचा आहे, खरा दावा आपला. त्याने त्यात लेखी जबाब दिला आणि पुढे साक्षीदार नेलेच नाहीत. पेरणी, डवरणी, वेचणी, यातून एका दाव्याची पेशी गाठतानाच त्याचा जीव जात होता.

२०१४ मध्ये ऑगस्टच्या दाव्याचा निकाल आधी लागला. प्रतिवादीने रस्ता सिद्ध केला नाही, सबब मनाई हुकूम. अपिलाची मुदत तीस दिवसांची. ती गेली. तो माझ्याकडे आला तेव्हा चार महिने उलटले होते, आणि त्याचे पहिले वाक्य अजून आठवते: "वकीलसाहेब, आपला दावा तं अजून चालूच हाये ना? अन् तो तं पयले टाकला व्हता."

मी त्याला खुर्चीवर बसवले आणि कलम ११ चे स्पष्टीकरण १ वाचून दाखवले. कलम १० मध्ये "आधीचा" दावा ठरतो तो दाखल झाल्याच्या तारखेवरून. कलम ११ मध्ये "आधीचा" दावा म्हणजे ज्याचा निकाल आधी लागला तो, मग तो दाखल कधीही झालेला असो. म्हणजे जूनचा दावा दाखल होण्यात आधीचा, पण निकालात ऑगस्टचा आधीचा. आणि त्या निकालाने जूनच्या दाव्याचे तोंड बंद झाले होते.

विलंब माफीचा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. शेजाऱ्याने जूनच्या दाव्यात लेखी जबाब दुरुस्त करून रेस ज्युडिकाटाचा बचाव घेतला, नकला दाखल केल्या, जादा मुद्दा काढून घेतला आणि दावा त्यावरच फेटाळला गेला. रस्ता खरा होता की खोटा, हे त्या दाव्यात कुणी तपासलेच नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. दावा दाखल केला की दर दोन-तीन महिन्यांनी ई-कोर्ट्सवर समोरच्याच्या नावाने शोध घ्यायचा. उलट दावा दिसला की लगेच नंतरच्या दाव्यात कलम १० चा अर्ज, सोबत आधीच्या वादपत्राची नक्कल. "नंतरच्या दाव्यात" यावर जोर आहे. आपल्याच आधीच्या दाव्यात अर्ज देणारे वकीलही मी पाहिले आहेत, तो अर्ज तिथे निरर्थक असतो. दोन्ही दावे एकाच कोर्टात असतील तर मी स्थगितीऐवजी बहुधा एकत्रीकरण मागतो, म्हणजे पुरावा एकदाच होतो आणि निकाल सोबत लागतो. कलम १० मध्ये एकत्रीकरणाची तरतूद नाही, ते कोर्टाच्या कलम १५१ च्या अंगभूत अधिकारात होते.

पण एकत्र निकाल लागला आणि दोन हुकूमनामे निघाले, तर अपीलही दोन करायचे. फी वाचवायला एकावरच अपील करतात, आणि दुसरा हुकूमनामा कायम होऊन त्याच अपिलाच्या आड येतो. सर्वोच्च न्यायालयाने शिवदान सिंग वि. दरियाव कुंवर या १९६६ च्या निकालात हेच सांगितले आहे.

चूक दुसरी: मागणी बदलली म्हणजे दावा बदलला

दोन एकराच्या तुकड्यावरून चुलतभावांचा वाद घ्या. एकाने निव्वळ मनाईचा दावा घातला: तोंडी वाटणीत हा तुकडा मला आला, कब्जा माझा, याला अडवा. दुसरा म्हणाला, वाटणीच झाली नाही, तुझी मालकी नाही. कोर्टाने मालकीचा मुद्दा काढला, दोघांनी साक्षी दिल्या, निकाल आला की वाटणी सिद्ध नाही, मालकी नाही, म्हणून मनाई नाही. अपील नाही. पुढल्या वर्षी घाईतल्या एका नव्या वकिलाने सल्ला दिला, "तो मनाईचा होता, आता मालकी जाहीर करण्याचा घालू. किंमत वाढवू, सिनिअर डिव्हिजनला जाईल."

हा दावा चालत नाही. कलम ११ मागणीकडे नाही, मुद्द्याकडे पाहते. वाटणीतून आलेली मालकी प्रत्यक्ष आणि मूलतः वादात होती, ऐकली गेली, ठरली. कोर्ट वरचे गाठूनही उपयोग नाही. १९७६ च्या दुरुस्तीने आलेले स्पष्टीकरण ८ सांगते की मर्यादित अधिकाराच्या कोर्टाने, त्याच्या अधिकारात बसणारा जो मुद्दा ठरवला तो नंतरच्या दाव्यात बांधतो, जरी ते कोर्ट हा नंतरचा दावा चालवू शकत नसले तरी.

मात्र त्याच मनाईच्या दाव्यात कोर्टाने फक्त कब्जा पाहिला असता, "दावा दाखल झाला त्या दिवशी कब्जा वादीचा नव्हता" एवढ्यावरच तो फेटाळला असता आणि मालकीवर मुद्दाच काढला नसता, तर रेस ज्युडिकाटा आड आला नसता. ओळखायचे कसे? मी जुन्या निकालातला मालकीचा निष्कर्ष पेन्सिलीने कंस करून बाजूला ठेवतो आणि उरलेले वाचतो. त्याच्याशिवाय हुकूमनामा उभा राहतो का? राहत असेल तर तो निष्कर्ष बहुधा आनुषंगिक होता. कोसळत असेल तर तोच पाया होता, आणि दुसरा दावा त्यावर आपटणार.

याच चुलतभावाने आता "वाटणी नाही तर नाही, आजोबांचे मृत्युपत्र आहे" असे म्हटले तर? मृत्युपत्र पहिल्या दाव्याच्या वेळी हातात असेल, तर ते तेव्हाच पर्यायी आधार म्हणून मांडायला हवे होते. जे मांडता आले असते आणि मांडायलाच हवे होते, ते स्पष्टीकरण ४ नुसार मांडले आणि ठरले असे धरले जाते. "हे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू" ही हुशारी दिवाणी कोर्टात चालत नाही.

त्यांची बहीण मात्र पहिल्या दाव्यात पक्षकारच नव्हती आणि भावाने तिच्या वतीनेही दावा केला नव्हता. ती आपल्या स्वतःच्या हक्काने वाटप मागत असेल तर भावांमधला तो निकाल तिला बांधत नाही.

बाकीच्या, ज्यांवर मी आता वादही घालत नाही

कलम १० खाली दावा फेटाळून मागू नका. फक्त सुनावणी थांबते, आणि थांबलेल्या दाव्यातही तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो.

निकाल गुणदोषांवर झाला की नाही ते पाहा. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा काढून टाकला तर तो रेस ज्युडिकाटा नाही, पण ऑर्डर ९ रूल ९ त्याच कारणावर नवा दावा घालू देत नाही. तिथे तीस दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज करायचा.

परवानगी न घेता दावा मागे घेऊ नका. नव्याने दावा घालण्याची मुभा आदेशात लिहून आली पाहिजे, तोंडी होकाराला अर्थ नाही.

"तहसीलदाराने रस्त्याचा निकाल दिला, आता संपले" हेही खरे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालचा निर्णय असेल तर तो बदलून घ्यायला एक वर्षात दिवाणी दावा घालता येतो. ते वर्ष मात्र मोजून ठेवा, पऱ्हाटीच्या हंगामात ते कसे सरते ते कळत नाही.

आणि प्रतिवादीच्या बाजूने असाल तर नुसत्या तोंडी युक्तिवादावर विसंबू नका. रेस ज्युडिकाटा लेखी जबाबात स्पष्ट घ्यायचा, मुद्दा काढून घ्यायचा आणि जुन्या दाव्याचे वादपत्र, लेखी जबाब, मुद्दे, निकाल व हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती निशाणी करून घ्यायच्या. फक्त हुकूमनामा दाखल करून भागत नाही, त्यातून कोणता मुद्दा ठरला हे दिसत नाही. वादपत्र सुरुवातीलाच नाकारा म्हणणारा ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज टाकून दोन पेशांत काम संपवायचा मोहही टाळा. तिथे कोर्ट वादपत्राच्या पलीकडे पाहत नाही, आणि जुन्या दाव्याचे कागद तपासल्याशिवाय रेस ज्युडिकाटा ठरत नाही. श्रीहरी हनुमानदास तोताला वि. हेमंत विठ्ठल कामत, २०२१, वाचून घ्या.

हे पाचही कागद मी वादीच्या बाजूने असतानाही आधी मागवतो. अशील म्हणतो, "साहेब, निकाल तं आणला ना, बाकी काय करता?" मी नक्कल अर्ज भरून त्याच्या हातात देतो आणि नकला येईपर्यंत वादपत्राची एक ओळही लिहीत नाही.